रविवारच्या चादरी आणि UE: एका फ्रंट लोड मशीनचं प्रकरण

ठाण्यातल्या एका सोसायटीतलं हे घर. माणसं चार, मशीन 7 किलोचं फ्रंट लोड, वय पाच वर्षं, जागा ड्राय बाल्कनीत. तक्रार एका ओळीची होती: सोमवार ते शनिवार मशीन शहाण्यासारखं वागतं, रविवारी चादरी आणि टॉवेल टाकले की शेवटच्या स्पिनला अडून बसतं. पडद्यावर 9 मिनिटं उरलेली दिसतात. ड्रम सावकाश फिरायला लागतो, थोडा वेग घेतो, थांबतो, उलटा फिरतो, पुन्हा सुरुवात. पाऊण तास झाला तरी तीच 9 मिनिटं. मग UE ही दोन अक्षरं येतात आणि मशीन थांबतं. दार उघडावं तर कपड्यांतून पाणी निथळतंय.

आधी एक मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने मशीन चालवून न बघता शॉकअब्सॉर्बर गेले म्हणून सांगितलं, आणि तरीही नाही सुधारलं तर बोर्ड बदलावा लागेल, असं वर जोडलं. घरातल्या काकूंना ते पटलं नाही. त्यांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता, "दादा, पार्ट गेला असेल तर तो फक्त रविवारीच कसा जातो?"

प्रश्न बरोबर होता, पण उत्तर वाटतं तितकं एकतर्फी नसतं. शॉकअब्सॉर्बर अर्धवट दमलेले असले तर हलक्या कपड्यांना ते सांभाळून घेतात आणि जड कपड्यांना हात टेकतात. म्हणजे "फक्त जड कपड्यांना त्रास" हे लक्षण दोन्हीकडे बोट दाखवतं, मशीनकडेही आणि कपड्यांकडेही. कुठलं खरं हे ठरवायचं असेल तर UE येतो कसा, हे आधी कळायला हवं.

धुताना फ्रंट लोडचा ड्रम मिनिटाला साधारण 45-50 फेरे घेतो. या वेगाला कपडे भिंतीबरोबर वर चढतात आणि वरून खाली आपटतात. धुणं होतं ते त्या आपटण्याने. वेग 60 फेऱ्यांच्या पुढे गेला की भिंतीजवळचे कपडे खाली पडणं बंद होतं, ते ड्रमला चिकटून गोल फिरायला लागतात. मशीन स्पिनच्या आधी याच टप्प्यात, साधारण 80 ते 100 फेऱ्यांच्या दरम्यान, थोडं रेंगाळतं. ते तिथे कपडे पिळत नसतं, तोलत असतं. ड्रमच्या एका बाजूला वजन जास्त असेल तर ती बाजू वर चढताना मोटरला जोर पडतो आणि वेग किंचित घटतो. तीच बाजू खाली येताना वेग किंचित वाढतो. प्रत्येक फेऱ्यात होणारा हा चढउतार मोटरचा सेन्सर मोजतो. चढउतार मोठा म्हणजे तोल बिघडलेला. काही मशीनमध्ये ड्रमभोवतीच्या टबाची थरथर मोजणारा वेगळा सेन्सरही असतो.

चढउतार मर्यादेत असेल तर मशीन वेग वाढवतं. नसेल तर वेग कमी करून कपडे पुन्हा खाली पाडतं, दोन्ही दिशांनी फिरवतं आणि परत तोलून बघतं. घड्याळ 9 वर अडतं ते यामुळे. ठरावीक वेळा जमलं नाही की ते हार मानतं. काही मशीनवर UE येतो, काहींवर Ub. काही मशीन कोड दाखवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, मोठा स्पिन गाळून कार्यक्रम संपला असं जाहीर करतात. अशा घरांतून तक्रार येते ती "कपडे ओले राहतात" अशी आणि मग पंप, फिल्टर, पाइप असा शोध चुकीच्या दिशेने सुरू होतो.

मशीन इतकं हट्टाला का पेटतं, हे आकड्यांत बघू. 7 किलोच्या मशीनचा ड्रम साधारण 48 सेंटिमीटर व्यासाचा धरा. भिंतीला एका बाजूला 1 किलो वजन जास्त चिकटलंय आणि समोर ते पेलायला काही नाही. मिनिटाला 400 फेऱ्यांना हे 1 किलो ड्रमला बाहेरच्या बाजूने सुमारे 43 किलोच्या जोराने ओढतं. 800 फेऱ्यांना तोच जोर 170 किलोच्या आसपास जातो आणि 1200 फेऱ्यांना पावणेचारशेच्या वर, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आणि हा जोर एका दिशेला राहत नाही; 1200 ला सेकंदाला 20 वेळा तो गोल फिरतो. स्प्रिंग, शॉकअब्सॉर्बर, बेअरिंग आणि ड्रमला मागून धरणारा धातूचा तिकोनी आधार, या सगळ्यांना तो सोसावा लागतो. म्हणून काही शे ग्रॅमपलीकडचा फरक मशीन मोठ्या वेगाला चालवून घेत नाही. UE म्हणजे मशीन बिघडल्याची खूण नव्हे, मशीनने स्वतःला बिघडू न दिल्याची खूण. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण चादरी पिळायच्या कोणी?"

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. मशीनच्या आत टबाला सिमेंटचे जड ठोकळे बसवलेले असतात, म्हणून ते उचलायला दोन माणसं लागतात. लोकांना वाटतं की हे ठोकळे तोल सांभाळतात, मग आपल्याला काळजी कशाला. ते ठोकळे टबाला जड करतात, जेणेकरून कपड्यांच्या ओढीने तो कमी हलावा. ते ड्रमबरोबर फिरत नाहीत. डाव्या बाजूला कपडे जास्त आहेत म्हणून उजवीकडे सरकणं त्यांना शक्य नाही.

आता तपासणी. आधी मशीन पूर्ण रिकामं करून नुसता स्पिन 1200 वर लावला. तो शांत झाला, घरघर नाही, ठोका नाही. याने बेअरिंग ठीक असल्याचं बऱ्यापैकी कळलं. शॉकअब्सॉर्बरबद्दल मात्र रिकाम्या ड्रमवरून काही ठरवता येत नाही. त्यासाठी दार उघडून ड्रमच्या वरच्या कडेवर हात ठेवून तो खाली दाबला आणि सोडला. चांगल्या शॉकअब्सॉर्बरवर टब वर येतो आणि जागेवर थांबतो. दमलेल्यावर तो दोन-तीन वेळा डोलत राहतो. इथे तो थांबला. मग काकूंकडून रोजचे शर्ट, कुर्ते असे साधारण 3 किलो कपडे मागून घेतले, भिजवून पिळायला लावले. ते पहिल्याच प्रयत्नात वेगाला लागले. शॉकअब्सॉर्बरवरचा संशय इथे बराचसा उतरला.

पाणी उरतंय का तेही पाहिलं. खालचा फिल्टर अर्धा तुंबला असेल तर स्पिनच्या वेळी ड्रमच्या तळाशी पाणी राहतं, कपड्यांतलं पाणीही बाहेर निघत नाही, आणि मशीनला ते सगळं वजन तोलात धरावं लागतं. फिल्टरमध्ये एक रुपयाचं नाणं आणि केसांचा गुंता निघाला, पण पाणी धडाधड जात होतं.

राहिली जमीन. ड्राय बाल्कनीची फरशी जाळीकडे उतरती असते, ती तशीच असायला हवी. त्यावर मशीन, आणि इथे तर मशीनखाली बाजारातला चाकांचा स्टँड. मोबाइलमधली लेव्हल वर ठेवली तर मशीन पुढच्या डाव्या कोपऱ्याकडे झुकलेलं होतं, आणि समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने दाबले की ते डुगडुगत होतं. स्टँड काढून टाकला, मशीनच्या स्वतःच्या पायांवर ते उभं केलं, पाय फिरवून सरळ केलं आणि पायांची लॉकनट घट्ट केली. लॉकनट राहिली तर महिन्याभरात पाय आपोआप फिरतात. चाकांच्या स्टँडबद्दल माझं मत कडवट आहे: फरशी पुसायला सोय म्हणून घेतलेली ती वस्तू मशीनचा आवाज दुप्पट करते.

आवाज खरोखरच कमी झाला. त्यानंतर मी मुद्दाम रविवारचा भार जसाच्या तसा लावायला सांगितला. काकू म्हणाल्या, आता कशाला, मशीन सरळ झालं ना. पण हे करणं गरजेचं होतं, कारण जमीन आणि कपडे असे दोन संशयित एकाच दिवशी सुटले असते, तर खरा कोण हे कधीच कळलं नसतं.

रविवारचा भार ताणकाट्यावर कोरडा तोलून घेतला. एक सोलापुरी चादर, दीड किलो. डबल बेडचं रबरवालं बेडशीट, 800 ग्रॅम. दोन मोठे टॉवेल, प्रत्येकी अर्धा किलो. चार उशांचे अभ्रे मिळून अर्धा किलो. एकूण 3.8 किलो, म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या निम्म्याहून जरासं जास्त. जास्त कपडे कोंबले म्हणून UE येतो, ही समजूत इथेच बाद झाली. मशीन लावलं. धुणं झालं, खंगाळणं झालं, आणि 9 मिनिटांवर तोच खेळ. UE.

मशीन बंद करून पाणी काढलं आणि दार उघडलं. आत सात-आठ वेगवेगळे कपडे नव्हतेच, एक बोचकं होतं आणि एक चादर होती. रबरवाल्या बेडशीटचा एक कोपरा पिशवीसारखा उघडा राहिला होता. दोन्ही टॉवेल आणि दोन अभ्रे त्यात शिरले होते. ड्रम फिरत राहिला तसा त्या पिशवीच्या तोंडाला पीळ बसला आणि ती बंद झाली. सोलापुरी चादरीची एक कड त्या पिळात अडकलेली होती. बोचकं बादलीत घालून तोललं तर बादली वजा जाता 5 किलोच्या वर भरलं. कोरडं असताना त्यातलं सामान दोन किलो होतं.

फ्रंट लोडचा कोड येतो तो बहुधा इथून. कापडाचं कोरडं वजन हा अर्धाच हिशेब. टेरी टॉवेलचे फासे पाणी धरून ठेवण्यासाठीच विणलेले असतात. पिळण्याआधी तो स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट पाणी सहज धरतो. जाड सुती चादर त्याच्या जवळपास जाते. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे आणि दोघांचाही गुण तोच: भरीव सूत. हा गुण अंगाला सुखाचा असला तरी स्पिनच्या वेळी तोच भार होतो. त्यात ते सुटे असते तर ड्रमने त्यांना चार दिशांना वाटलं असतं. बोचक्याला मात्र एकाच जागी चिकटता येतं. मशीनने वीसदा पाडून बघितलं तरी बोचकं बोचकंच राहतं, कारण कपडे सुटे करण्यासाठी मशीनकडे आपटण्याखेरीज दुसरा उपाय नाही आणि आपटून ओला पीळ आणखी घट्ट होतो.

म्हणून पहिलं काम हाताचं. घरोघरी बघतो ते असं की दार उघडतात, वरचे दोन कपडे इकडचे तिकडे करतात, दार लावून पुन्हा स्पिन दाबतात. याने काही होत नाही, कारण गुंता तळाशी असतो. सगळं बाहेर काढावं लागतं, बादलीत. पीळ ज्या बाजूने बसलाय त्याच्या उलट फिरवून तो सोडवायचा. ओढून सोडवायला गेलं तर जुन्या चादरीची शिवण जाते. मग एकेक कपडा झटकायचा. बेडशीटचे चारही कोपरे हात घालून उलटे-सुलटे करून बघायचे, त्यात हमखास एखादा मोजा नाहीतर रुमाल निघतो.

परत आत घालताना फ्रंट लोड आणि टॉप लोड यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. "कपडे चारी बाजूंनी सारखे लावा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. टॉप लोडमध्ये तो खरा आहे, कारण तिथे ड्रम उभा असतो आणि हाताने जिथे ठेवाल तिथे कपडा राहतो. फ्रंट लोडमध्ये कितीही निगुतीने रचा, दार लावताच सगळं तळाशी जाणार आणि पहिल्या फेऱ्याला रचना मोडणार. तिथे वाटणी ड्रम करतो. आपलं काम त्याला वाटता येतील असे सुटे तुकडे देण्याचं.

मी आधी काकूंना सोलापुरी चादर एकटीच घालायला सांगितली, नुसत्या स्पिनवर. पुन्हा UE. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण वजन कमी केलं तरी कोड आला. पण कारण उघड आहे. भिजलेली चादर पावणेचार किलोची, आणि समोर कोणीच नाही. ती भिंतीभर पसरली तर ठीक, पण मोठी जाड चादर बहुधा दुमडून एका बाजूला बसते. एकट्या जड कपड्याला UE येणं हे गच्च भरलेल्या मशीनपेक्षा जास्त नेहमीचं आहे. इथे उपाय कपडे काढण्याचा नाही, घालण्याचा आहे.

मग घालायचं काय? घरात हाताशी होते मुलाचे खेळाचे पॉलिस्टरचे टी-शर्ट. काकूंनी तेच पाच-सहा भिजवून टाकले. मशीनने तोलून बघितलं, पटलं, वेग वाढला, आणि 700-800 च्या आसपास टब जोरात हलायला लागून मशीनने स्वतःच वेग सोडला. हा प्रकार अनेकांना चकवतो: सुरुवातीला तोल जमतो आणि मध्येच बिघडतो. झालं असं की ओल्या स्थितीत टी-शर्टांनी चादरीला तोलून धरलं. पण पॉलिस्टर पाणी पटकन सोडतं, जाड सूत सावकाश. वेग वाढता वाढता एका बाजूचं वजन झरझर उतरलं, दुसऱ्या बाजूचं तितकं उतरलं नाही, आणि शंभर फेऱ्यांना जमलेला तोल आठशेला राहिला नाही. म्हणून जोडीदार निवडताना वजनासोबत पाणी धरण्याची सवयही जुळायला हवी. चादरीबरोबर टॉवेल, जीन्स, सुती गाऊन, टी-शर्टांबरोबर टी-शर्ट.

तिसऱ्या वेळी सोलापुरी चादर, दोन्ही टॉवेल आणि कपाटातून काढलेले आणखी दोन टॉवेल, हे नवीन दोन पाण्यात भिजवून. कोरडा टॉवेल ओल्या चादरीला तोलू शकत नाही, म्हणून ही भिजवणी. स्पिन आधी 600 वर लावला. काकूंना वाटलं ही उगाच वेळकाढूपणाची पायरी, पण पहिल्या मंद स्पिनमध्ये बरंचसं पाणी निघून जातं. पाणी गेलं की कपड्यांचं वजन उतरतं आणि वजन उतरलं की त्यांच्यातला फरकही उतरतो. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये कमी वेगासाठी तोलाची अट सैल असते. 600 झाल्यावर दार उघडलं, चादर एकदा झटकून परत घातली आणि 1200 लावलं. दुसऱ्या प्रयत्नात ड्रम वेगाला लागला आणि शेवटपर्यंत गेला. बेडशीट आणि अभ्रे नंतर वेगळे घातले, तेही निघाले.

म्हणजे तीच जमीन, तेच शॉकअब्सॉर्बर, तेच कपडे. फक्त गुंता सोडवून जोडीदार बदलले. शॉकअब्सॉर्बर बदलायचे नाहीत, असं मी काकूंना सांगितलं. पुढे कधी रोजच्या हलक्या कपड्यांनाही टब धडधडायला लागला, किंवा दाबून सोडल्यावर डोलायला लागला, तर मात्र ते बदलायचे. आणि घर बदललं, मशीन हलवलं, तर नव्या जागी पाय पुन्हा तपासायचे.

रविवारची विभागणी त्यानंतर आम्ही दोघांनी बसून ठरवली. चादर आणि टॉवेल एका खेपेला: एक सोलापुरी चादर असेल तर तिच्याबरोबर चार टॉवेल, दोन चादरी असतील तर दोन. बेडशीट दुसऱ्या खेपेला, दोन डबल बेडशीट आणि सुती कुर्ते किंवा शर्ट; टॉवेल तिथे अजिबात नाहीत. ड्रममध्ये वर तळहात उभा मावेल एवढी जागा रिकामी, कारण पडायलाच जागा नसेल तर कपडे सुटे होणार कुठून. बेडशीट घालताना घडी तशीच टाकायची नाही आणि गोळाही करायचा नाही. एक कड धरून सैलसर चुण्या घालत आत सोडायचं. दुलईचं कव्हर असेल तर त्याची बटणं किंवा चेन लावून मगच आत. उघडं तोंड राहिलं तर ते रबरवाल्या बेडशीटच्या वरताण गिळतं. उशीचे अभ्रे हे गिळले जाणाऱ्यांतले पहिले. काकूंनी त्यांची जागा बदलून ते रोजच्या कपड्यांत घातले, हे मला सुचलं नव्हतं आणि उत्तम आहे.

काकूंची बहीण नाशिकला, तिच्याकडे टॉप लोड. तिचं म्हणणं, तिलाही हाच कोड येतो आणि मशीन मध्येच पाणी भरायला लागतं. ते बरोबरच आहे: टॉप लोडला कपडे आपटून वाटता येत नाहीत, म्हणून ते पाणी भरून कपडे तरंगवतं आणि पुन्हा बसवून बघतं. तिच्या मशीनच्या ड्रमच्या वरच्या कडेला एक पोकळ कडं असतं, त्यात खारं पाणी भरलेलं असतं. ड्रम वेगात फिरला की ते पाणी हलक्या बाजूकडे जमून थोडाफार तोल सांभाळतं. पण त्याचीही मर्यादा आहे. तिच्यासाठी सल्ला हाताने वाटण्याचा: चादर ड्रमच्या कडेने गोल पसरायची, मध्यभाग मोकळा ठेवायचा, टॉवेल समोरासमोर. चादर मधल्या दांड्याभोवती किंवा तळच्या पंख्याभोवती गुंडाळून ठेवायची नाही. तिथूनच पीळ सुरू होतो. सेमी ऑटोमॅटिकवाल्यांकडे तर कोड नावाची गोष्टच नाही. स्पिनच्या टबाची धडधड हाच कोड. झाकण उघडलं की ब्रेक लागतो. टब पूर्ण थांबल्यावर कपडे दाबून गोल बसवायचे, वर जाळीची झाकणी ठेवायची आणि मग सुरू करायचं.

पुढच्या महिन्यात काकूंचा पुन्हा फोन आला. सगळं नियमाने केलं होतं आणि तरी UE. आत काय होतं ते विचारलं तर गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर, एकटं. मी त्यांना आधी मशीन बंद करायला सांगितलं, पुन्हा स्पिन दाबायचा नाही म्हटलं. हा सगळ्यात धोक्याचा कपडा आहे आणि तो कुठल्याही जोडीदाराने सुधारत नाही. पाणी न सोडणाऱ्या कापडाच्या घडीत पाणी साठून फुगा तयार होतो. ड्रम वेगात असताना तो फुगा फुटला किंवा सरकला तर तोल एका क्षणात जातो, मशीनला वेग उतरवायलाही वेळ मिळत नाही. टब आदळून मशीन मोडल्याचे प्रकार अशाच कपड्यांमुळे होतात. रेनकोट, प्लास्टिकचं अस्तर असलेले पडदे हेही त्याच जातीचे. वापराच्या पुस्तिकेत याबद्दल इशारा असतो, तो वाचण्याआधी पुस्तिका कपाटाच्या तळाशी गेलेली असते.

मशीनच्या आत पाणी होतं, म्हणून पाणी काढून टाकण्याचा कार्यक्रम लावायला सांगितला, नुसता, स्पिनशिवाय. तो नसलेल्या मशीनवर खालच्या फिल्टरजवळची बारीक नळी ताटलीत सोडून पाणी काढावं लागतं. गरम पाण्याने धुतलं असेल तर निवेपर्यंत थांबून. दाराचं कुलूप सुटायला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढं थांबायचं, दार ओढायचं नाही. कव्हर बाहेर काढलं ते पाण्याने भरलेलं होतं. ते बाथरूममध्ये नळावर टांगून निथळू दिलं, मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबलं आणि दोरीवर टाकलं. पुढच्या वेळी ते बादलीत हाताने धुवायचं, आणि मशीनमध्ये धुवायचंच असेल तर लेबलवर तशी परवानगी आहे का ते बघून, स्पिन शून्यावर ठेवून.